ट्रक यायच्या आधीच पूल हलतो: पुढून-मागून चालवलेला फिल्टर आणि रेकॉर्डिंगच्या कडा

आमच्याकडे ही तक्रार तीनदा आली. तिन्ही वेळा वाटलं की आता निकाली निघाली, आणि काही महिन्यांनी ती पुन्हा दारात उभी. तिसऱ्यांदा मात्र मुळाशी गेलो. ज्यांना हाच त्रास होत असेल त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय.

आम्ही पुलांची कंपनं मोजतो. कन्हानच्या पलीकडच्या एका जुन्या पुलावर मधल्या गाळ्याच्या खाली अ‍ॅक्सेलरोमीटर लावला होता. सेकंदाला 100 सॅम्पल. जड गाडी आली की लॉगर जागा होतो, आधीचे 5 सेकंद आणि नंतरचे 15 असे एकूण 20 सेकंद एका फाइलमध्ये टाकतो. म्हणजे फाइलमागे 2000 सॅम्पल. या त्वरणाचं दोनदा इंटिग्रेशन करून आम्ही पूल किती खाली-वर होतो ते काढतो.

मे महिन्यातली मोजणी होती. दुपारी नागपुरात पारा 45 च्या आसपास, सेन्सरची पेटी सावलीत असली तरी खालून-वरून तापलेली. पेटी तापली की सेन्सरचं शून्य हळूहळू सरकतं. दोनदा इंटिग्रेशन केल्यावर ही बारीकशी सरक भयंकर फुगते, म्हणून आधी हाय-पास फिल्टर लावून ती काढावी लागते. आम्ही चौथ्या ऑर्डरचा बटरवर्थ लावला होता, कटऑफ 0.1 हर्ट्झ, पायथनच्या सायपायमधल्या `sosfiltfilt` ने.

आमचा पोट्टा आलेख घेऊन आला आणि म्हणाला, "भाऊ, ट्रक यायच्या आधीच पूल हलून रायला न." आलेखात खरंच तसं होतं. ट्रक पाचव्या सेकंदाला येतो, पण सगळ्यात मोठं विस्थापन पहिल्या दोन-तीन सेकंदांत, तेही दोन सेंटीमीटरच्या घरात. शेवटच्या सेकंदांतही तसाच एक फुगवटा. ट्रकची खरी थरथर मध्ये कुठंतरी, डोळे ताणून शोधावी लागत होती.

दोन्हीकडून फिल्टर कशासाठी

साधा फिल्टर सिग्नलला उशीर लावतो, आणि तो उशीर प्रत्येक वारंवारतेला वेगळा असतो. पुलाची 4 हर्ट्झची थरथर आणि चाकांचे 12 हर्ट्झचे धक्के एकाच क्षणी सुरू झाले असले तरी फिल्टरमधून ते वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. शिखराची वेळ सरकते, लाटेचा आकार बदलतो.

यावरची युक्ती अशी की रेकॉर्डिंग एकदा सरळ फिल्टर करायचं, मग आलेलं उलटं करून, म्हणजे शेवटचा सॅम्पल पहिला धरून, तोच फिल्टर पुन्हा चालवायचा आणि परत सुलट करायचं. पहिल्या फेरीत जेवढी फेज मागे गेली तेवढीच दुसऱ्या फेरीत पुढे येते. उरतो तो निव्वळ आकाराचा परिणाम, आणि तोही दोनदा लागू झालेला. शिखर जिथल्या तिथं राहतं. हे फक्त साठवलेल्या रेकॉर्डिंगवरच जमतं, कारण उलट्या फेरीला शेवट माहीत असावा लागतो. आणि कडांचं दुखणं इथूनच सुरू होतं.

पहिला "उपाय"

पहिल्यांदा आम्ही काय केलं असेल? आलेखाचे पहिले आणि शेवटचे 2 सेकंद दाखवायचेच नाहीत. अहवाल गेला, प्रश्न मिटला. हा उपाय पूर्णच चुकीचा नाही. खराब भाग कापून टाकणं कधीकधी योग्यच असतं. पण 2 सेकंद हा आकडा आम्ही आलेखाकडे बघून, नजरेनं ठरवला होता. पुढच्या पुलावर सॅम्पलिंग तेच, फिल्टर तोच, फक्त शिखर 6 व्या सेकंदाला आलं आणि कळेना की हा ट्रक की कडेचं भूत.

फिल्टरला आठवण असते

असा फिल्टर प्रत्येक सॅम्पलचं उत्तर देताना आधीची उत्तरंही वापरतो. म्हणजे त्याच्या पोटात मागचं काहीतरी शिल्लक असतं. पहिल्या सॅम्पलपाशी मात्र "मागचं" काहीच नसतं, तेव्हा काहीतरी गृहीत धरावं लागतं. शून्य धरलं आणि सिग्नल प्रत्यक्षात 9.8 वर बसलेला असला (उभ्या अ‍ॅक्सेलरोमीटरला गुरुत्वाकर्षण दिसतंच), तर फिल्टरला वाटतं की शून्यावरून 9.8 वर अचानक उडी पडली. त्या उडीला तो इमानदारीनं प्रतिसाद देतो. स्वतःच्या हातानं `lfilter` दोनदा चालवणाऱ्यांच्या आलेखात सुरुवातीला जो डोंगर दिसतो तो हाच.

`sosfiltfilt` आणि `filtfilt` इतकी भोळी नाहीत. ती दोन गोष्टी करतात. एक, रेकॉर्डिंगच्या दोन्ही टोकांना आरशातल्यासारखी थोडी शेपटी जोडतात. दोन, फिल्टरच्या पोटात अशी शिल्लक भरतात, जणू शेपटीच्या पहिल्या सॅम्पलचीच किंमत अनंत काळापासून चालत आली आहे. त्यामुळे 9.8 चा डोंगर नाहीसा होतो. पण "अनंत काळापासून हीच किंमत" हे गृहीतक एका सॅम्पलवर टेकलेलं आहे हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसऱ्या टोकाचं कारण जरा वेगळं आहे आणि बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. सरळ फेरी रेकॉर्डिंगच्या शेवटाशी पोचते तेव्हा फिल्टर अजून शांत झालेला नसतो. सिग्नल संपला तरी त्याचं उत्तर आणखी काही सेकंद चालूच राहिलं असतं. उलट्या फेरीला ते उरलेलं उत्तर हवं असतं, कारण तिची सुरुवात तिथूनच होते. आपण ते शेवटच्या सॅम्पलला तोडून टाकतो. शेपटी जोडल्यानं ते उत्तर तात्पुरतं कुठंतरी मावतं, पण ते पूर्ण मावेल एवढी शेपटी लांब असायला हवी.

शेपटी किती लांब, आणि किती हवी

आमची अडचण नेमकी इथं होती. सायपायमध्ये शेपटीची लांबी आपण सांगितली नाही तर ती फिल्टरच्या ऑर्डरवरून ठरते. चौथ्या ऑर्डरच्या हाय-पासला ती 15 सॅम्पल येते. 100 हर्ट्झवर 15 सॅम्पल म्हणजे 0.15 सेकंद. कटऑफ 0.1 हर्ट्झ असो की 20 हर्ट्झ, आकडा 15 च. कटऑफशी त्याचा काही संबंधच नाही.

फिल्टरची आठवण किती काळ टिकते हे मात्र कटऑफवर ठरतं. चौथ्या ऑर्डरच्या बटरवर्थचा सगळ्यात आळशी पोल `2π·fc·sin(π/8)` या वेगानं विरतो. 0.1 हर्ट्झला हा वेग सेकंदाला 0.24 येतो, म्हणजे टाइम कॉन्स्टंट साधारण 4.2 सेकंद. चूक एक टक्क्यावर यायला त्याच्या 4.6 पट वेळ लागतो, म्हणजे 19 सेकंद. सॅम्पलमध्ये सांगायचं तर साधारण 1916. लागणार होते 1916, मिळत होते 15. आणि फाइलच मुळी 2000 सॅम्पलची, म्हणजे सगळी फाइलच कड होती. मधला निर्मळ भाग नावालाच.

मग 20 हर्ट्झच्या लो-पासला हाच कोड इतकी वर्षं कसा चालला? तिथं हिशेब केला तर चूक एक टक्क्यावर यायला 12-13 सॅम्पल पुरतात. 15 ची शेपटी त्याला पुरून उरते. आम्ही कोड तिथून उचलला, `'lowpass'` चं `'highpass'` केलं, कटऑफ बदलला आणि बाकीचं तसंच ठेवलं. हे सगळ्यांकडून होतं.

शेपटी वाढवली आणि दुखणं तसंच

दुसऱ्या वेळी आम्हाला एवढं समजलं होतं. म्हणून `padlen=1900` दिलं आणि निवांत तर्री-पोहे खायला गेलो. परत येऊन बघतो तर फुगवटा जागेवरच. काही फाइलमध्ये तर आधीपेक्षा मोठा. त्या दिवशी आम्ही सेन्सरला शिव्या घातल्या, केबल बदलली, आणि विषय सोडून दिला.

सुगावा होता, तो आम्ही पाहिला नाही. फुगवटा एका फाइलमध्ये वर, दुसरीत खाली, तिसरीत जवळपास नाहीच. तापमानाची सरक असती तर दुपारभर एकाच बाजूला गेली असती. तिसऱ्या खेपेला पोट्ट्यानं सहज म्हणून प्रत्येक फाइलचा पहिला सॅम्पल एका अक्षावर आणि फुगवट्याची उंची दुसऱ्या अक्षावर टाकली. सगळे ठिपके एका रेषेत बसले. फुगवटा पहिल्या एका सॅम्पलच्या प्रमाणात होता.

कारण शेपटी जोडण्याच्या पद्धतीत आहे. न सांगता जी पद्धत वापरली जाते तिचं नाव `'odd'`. ती आरशातलं प्रतिबिंब घेते आणि पहिल्या सॅम्पलभोवती उलटवते. सूत्र असं की पहिल्या सॅम्पलची दुप्पट, वजा आतला सॅम्पल. सिग्नल हळूहळू चढत किंवा उतरत असेल तर ही पद्धत फार छान, कारण चढ तसाच मागे चालू राहतो. पण सगळी मदार पहिल्या सॅम्पलवर.

आमच्या एका फाइलचे आकडे घ्या. ट्रक नसतानाही पूल बारीक थरथरत असतो, साधारण 0.02 मी/से² इतका. लॉगरनं फाइल कुठंतरी त्या थरथरीच्या मध्येच सुरू केली. गुरुत्वाकर्षण वजा केल्यावर पहिला सॅम्पल आला 0.018, खरी मधली रेषा शून्य. आता शेपटी काय झाली? दोनदा 0.018, वजा शून्याभोवती झुलणारा सिग्नल. म्हणजे शेपटी 0.036 भोवती झुलतेय आणि जिथं रेकॉर्डिंग सुरू होतं तिथं मधली रेषा धाडकन शून्यावर येते. सिग्नल सांध्याशी जुळलेला दिसतो, पण त्याची सरासरी पायरीसारखी उतरते. शेपटी 15 सॅम्पलची असो की 1900 ची, पायरी तिथंच राहणार, कारण ती शेपटीच्या टोकाला नाही, सांध्यावर आहे.

त्वरणाच्या आलेखात 0.036 ची पायरी दिसतही नाही. ट्रकची थरथर 0.3 ची असते, तिच्यापुढं हे काहीच नाही. पण विस्थापनात हिशेब उलटतो. 4 हर्ट्झच्या थरथरीचं विस्थापन काढायला त्वरणाला `(2π·4)²` म्हणजे सुमारे 632 नं भागतो, ट्रकचे 0.3 होतात जेमतेम अर्धा मिलिमीटर. 0.1 हर्ट्झच्या फिल्टरनं सोडलेला फुगवटा मात्र `(2π·0.1)²` म्हणजे 0.395 नं भागला जातो. 0.036 भागिले 0.395 म्हणजे 9 सेंटीमीटर. फिल्टर त्यातला मोठा भाग खातो, एक पंचमांशाच्या आसपास उरतो, आणि तोच आमचा दोन सेंटीमीटरचा "हलणारा पूल". खऱ्या विस्थापनाच्या चाळीसपट.

मग काय केलं

हाय-पास करताना चढ जपायची गरजच नसते, तो तर काढूनच टाकायचा असतो. म्हणून आधी सरळ रेषा स्वतःच वजा करायची आणि शेपटी `'even'` पद्धतीनं जोडायची. हे साधं प्रतिबिंब. उलटवणं नाही, त्यामुळे पहिल्या सॅम्पलची दादागिरी नाही. थरथर शून्याभोवतीच राहते. साध्या प्रतिबिंबाचा दोष एवढाच की चढता सिग्नल सांध्यावर टोकदार वळतो, पण रेषा आधी काढल्यामुळे ते टोक बोथट होतं. फिल्टरच्या पोटातल्या शिलकीची चूक आता शेपटीच्या दूरच्या टोकाला असते आणि रेकॉर्डिंगपर्यंत यायच्या आत विरते. लांब शेपटीचा खरा उपयोग आता होतो.

लो-पास लावून हळू बदलणारी गोष्ट बघायची असेल, समजा टाकीची पातळी किंवा तापमान, तर उलट करा. तिथं `'odd'` चांगली, कारण `'even'` नं कडेला चढ सपाट होतो. एकच पद्धत सगळीकडे लावणारा माणूस आज ना उद्या फसतो.

लांबी अंदाजानं नको, पोलवरूनच काढा:

```python
import numpy as np
from scipy.signal import butter, sosfiltfilt, sos2zpk, detrend

fs = 100
sos = butter(4, 0.5, 'highpass', fs=fs, output='sos')
_, p, _ = sos2zpk(sos)
n = int(np.ceil(np.log(0.01) / np.log(np.abs(p).max())))
y = sosfiltfilt(sos, detrend(x), padtype='even', padlen=n)
```

इथं कटऑफ 0.1 चा 0.5 झालेला दिसेल. तो मुद्दाम. शेपटी रेकॉर्डिंगपेक्षा लांब असू शकत नाही. तशी मागितली तर सायपाय `The length of the input vector x must be greater than padlen` असं म्हणून थांबतं. 20 सेकंदांच्या फाइलला 19 सेकंदांची शेपटी तांत्रिकदृष्ट्या बसते, पण मग रेकॉर्डिंगपेक्षा प्रतिबिंबच जास्त. 0.1 हर्ट्झची एक लाट 10 सेकंदांची असते. 20 सेकंदांत अशा दोनच लाटा मावतात, आणि दोन लाटांवरून कोणती सरक आणि कोणती खरी हालचाल हे कोणताही फिल्टर सांगू शकत नाही. या पुलाची पहिली वारंवारता 4 हर्ट्झच्या जवळ होती, तेव्हा 0.5 पुरेसा खाली होता. तिथं `n` साधारण 380 येतो, म्हणजे पावणेचार सेकंद. ट्रक पाचव्या सेकंदाला, म्हणजे जेमतेम का होईना मोकळी जागा उरते.

नुसता कटऑफ वाढवून भागलं असतं का, असं एकानं विचारलं होतं. नाही. वरच्याच पायरीला 0.5 हर्ट्झवर 9.87 नं भागा, 3.6 मिलिमीटर. पंचमांश उरला तरी 0.7, म्हणजे ट्रकच्या अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्तच. कटऑफ वाढवल्यानं चूक लहान झाली असती, पटण्यासारखी झाली असती, आणि म्हणून जास्त घातक ठरली असती. दोन सेंटीमीटरवर निदान कोणीतरी बोट तरी ठेवलं.

(`filtfilt` मध्ये `method='gust'` असाही एक मार्ग आहे. गुस्ताफसन यांनी 1996 मध्ये मांडलेली ही पद्धत शेपटी जोडतच नाही. आधी सरळ मग उलट, आणि आधी उलट मग सरळ, या दोन्हींचं उत्तर एकच यावं अशी सुरुवातीची शिल्लक ती शोधते. कल्पना सुंदर आहे. पण ती `sosfiltfilt` मध्ये नाही, आणि इतक्या खालच्या कटऑफला मला फिल्टर तुकड्यांतच ठेवायला आवडतो, गुणकांची गोळाबेरीज कमी बिघडते.)

कड की खरी हालचाल, ओळखायचं कसं

हे सगळं वाचण्याआधी तुमच्या फाइलवर एक छोटी परीक्षा करून बघितली तरी चालेल. कच्च्या रेकॉर्डिंगचे पहिले 3 सेकंद कापा आणि उरलेलं पुन्हा फिल्टर करा. फुगवटा खरा असेल तर तो आपल्या जागी राहील किंवा कापलेल्या भागासोबत जाईल. कडेचा असेल तर नव्या कडेला नवा फुगवटा येऊन बसेल.

```python
y1 = y[300:]
y2 = sosfiltfilt(sos, detrend(x[300:]), padtype='even', padlen=n)
d = np.abs(y1 - y2)
```

`d` चा आलेख काढा. सुरुवातीला तो मोठा असेल आणि उतरत जाईल. जिथं तो तुमच्या सहनशक्तीच्या खाली जातो, तिथपर्यंतचा भाग कडेनं बाटलेला. आम्ही ट्रकच्या शिखराचा शंभरावा भाग ही मर्यादा धरली. शेवटाकडची कड बघायची असेल तर शेवटचे 3 सेकंद कापून हेच करा. किती सेकंद कापायचे हे आता नजरेवर नाही, या आलेखावर ठरतं. पहिल्या उपायातले 2 सेकंद 0.1 हर्ट्झला कधीच पुरले नसते.

विस्थापन हवं असेल तर ही परीक्षा विस्थापनावरच करा. त्वरणावर `d` गोंडस दिसतो.

आधी फिल्टर, मग कापणी

वरचं सगळं म्हणजे जखमेवरची पट्टी. आजार हा की आम्ही आधी कापत होतो आणि मग फिल्टर करत होतो. लॉगरच्या आत अखंड रेकॉर्डिंग चाललेलंच होतं, 20 सेकंदांच्या फाइल तो त्यातूनच कापून देत होता. ते अखंड रेकॉर्डिंग उचललं, ट्रकच्या दोन्ही बाजूंना एकेक मिनिट ठेवलं, सगळं एकत्र फिल्टर केलं आणि त्यानंतर 20 सेकंद कापले. आता कडा मिनिटभर लांब आहेत, शेपटी प्रतिबिंबाची नाही, खऱ्या थरथरीची आहे. कार्ड लवकर भरतं, एवढीच किंमत.

यात एक चूक आम्ही तरीही केली. फिल्टर लांब रेकॉर्डिंगवर केला, पण कापणी इंटिग्रेशनच्या आधी केली. विस्थापन एका बाजूला तिरपं चालत गेलं. कारण सोपं आहे. इंटिग्रेशन शून्य वेगापासून सुरू होतं, पण कापलेल्या तुकड्याच्या पहिल्या क्षणी फिल्टर झालेल्या सिग्नलचा वेग शून्य नसतो, उलट्या फेरीनं त्यातला थोडा आधीच्या भागात पसरवलेला असतो. सेकंदाला 3 मिलिमीटरचा वेग जरी विसरला गेला तरी 20 सेकंदांत 6 सेंटीमीटरची तिरपी रेषा तयार. भूकंपाच्या नोंदींवर काम करणारे लोक हे कधीचं सांगतायत: बोअर यांनी 2005 मध्ये दाखवलं की फिल्टरसाठी जोडलेल्या शेपट्या इंटिग्रेशन होईपर्यंत काढायच्या नसतात. तेव्हा क्रम असा ठेवा. फिल्टर, मग वेग, मग विस्थापन, आणि कापणी सगळ्यात शेवटी.

अखंड रेकॉर्डिंग वापरताना एक खोड सांभाळा. मधला एखादा पॅकेट हरवला आणि तिथं `NaN` बसला, तर सरळ फेरी त्याच्या पुढचं सगळं `NaN` करते आणि उलटी फेरी मागचं. एका सॅम्पलपायी तासाभराचं रेकॉर्डिंग कोरं. आधी `np.isnan(x).sum()` बघा. छोटी फट असेल तर भरा, मोठी असेल तर तिथं रेकॉर्डिंग तोडा आणि त्या दोन नव्या कडांना कडेचे सगळे नियम लावा.

जे जाणार नाही

कडा साफ झाल्यावरही ट्रक पुलाच्या सांध्यावरून धडकतो त्याच्या किंचित आधी आलेखात एक छोटी बुडी दिसते. पोट्टा पुन्हा म्हणाला, "भाऊ, हे त अजून आहेच." ही कड नाही. कापून बघितलं तर ती कडेसोबत सरकत नाही, ट्रकलाच चिकटून राहते. उलट्या फेरीनं धक्क्याचा परिणाम मागच्या काळात सांडतो, त्याचीच ही खूण. शून्य फेजची ती किंमत आहे आणि कितीही शेपटी जोडली तरी ती जात नाही. गाडी पुलावर नेमकी कधी चढली हे काढायचं असेल तर एकाच दिशेचा `sosfilt` वापरा. त्यात उशीर लागतो, पण घटनेच्या आधी काही दिसत नाही. शिखराची उंची आणि आकार हवा असेल तर दोन्हीकडून. आम्ही आता वेळ एकातून घेतो आणि उंची दुसऱ्यातून.

दुसरी गोष्ट कटऑफची. फिल्टर दोनदा लागल्यामुळे कटऑफवर सिग्नल 0.707 पट न राहता 0.5 पट राहतो. अहवालात "0.5 हर्ट्झला 3 डेसिबल" लिहायचं असेल तर चौथ्या ऑर्डरच्या हाय-पासला कोडमध्ये 0.5 गुणिले 0.896 म्हणजे 0.448 द्यायला हवं. लो-पास असेल तर गुणण्याऐवजी भागायचं. 4 हर्ट्झच्या थरथरीला यानं फरक पडत नाही, पण एका तपासनिसानं हा आकडा पकडला होता, म्हणून लिहून ठेवतोय.

जुन्या पुलाच्या 20 सेकंदांच्या फाइल अजून आमच्याकडे आहेत, त्यांचं अखंड रेकॉर्डिंग कार्डवरून कधीच पुसलं गेलंय. त्या सगळ्या 0.5 हर्ट्झ, `'even'` आणि वरच्या परीक्षेतून पुन्हा काढल्या. ज्यांच्यात ट्रक बाटलेल्या भागाच्या आत आला होता त्यांचं विस्थापन अहवालातून काढून टाकलं आणि फक्त त्वरण ठेवलं.